दीड-दोन वर्षांच्या बाळाचा घसा दुखतोय हे ओळखायचं कसं, आणि अशा वेळी भरवायचं काय

ऑगस्टातल्या एका सकाळी साडेसहाला पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, बाबू रात्रीपासून दूध पीत नाहीये. म्हणजे भूक आहे, बाटली दिसली की हात पुढे करतो. पण एक घोट घेतला की किंचाळून बाटली ढकलतो. आई म्हणते, दाढा येतायत."

बाबू वीस महिन्यांचा, वजन अकरा किलो. बोलण्यात मोजून आठ-दहा शब्द, त्यात 'घसा' नाही आणि 'दुखतं'ही नाही. मी बरीच वर्षं लहान मुलांच्या ओपीडीत सिस्टर म्हणून काम केलंय, त्यामुळे असे फोन नेहमीचेच. मी तिला पहिला प्रश्न तापाचा विचारला नाही. विचारलं, "डायपर शेवटचा कधी ओला झाला होता?" ती म्हणाली, रात्री साडेदहाला. म्हणजे आठ तास कोरडा.

त्या दिवशी तिला फोनवर जे क्रमाने सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते. एक ते तीन वर्षांच्या, सांगता न येणाऱ्या मुलांसाठी हे आहे. बाळ वर्षाच्या आतलं असेल आणि दूध सोडत असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी तडक जायचं.

पहिली पायरी : गिळतानाचा चेहरा बघा

मूल जेवत नाही याची कारणं पन्नास. घशाचं दुखणं त्यातून वेगळं काढायचं तर मूल घास किंवा घोट गिळतं तो एक क्षण नीट बघावा लागतो.

भूक मेलेलं मूल वाटी पाहूनच तोंड फिरवतं. घसा दुखणारं मूल वाटीकडे झेपावतं, पहिला घास घेतं, तो गिळताना थबकतं, मान किंचित पुढे काढतं, चेहरा आक्रसतो आणि मग रडून हात झटकतं. थोड्या वेळाने भूक पुन्हा ओढते, पुन्हा हात पुढे आणि पुन्हा तेच. भाचीने जे सांगितलं ते नेमकं हेच होतं. नाक चोंदलेलं मूलही दूध मध्येच सोडतं, पण ते श्वास घ्यायला सोडतं. दोन श्वास घेतले की परत ओढायला लागतं, गिळताना त्याचा चेहरा शांत असतो.

दुसरी खूण लाळेची. दात येताना लाळ आठवडेच्या आठवडे गळते, पण ते मूल हाताला लागेल ते चावतं आणि खातंही. घसा दुखतो तेव्हा लाळ एकाएकी वाढल्यासारखी दिसते. काल कोरडं असलेलं झबलं आज छातीपर्यंत भिजलेलं. खरं तर लाळ वाढलेली नसते. गिळणं नकोसं झालं म्हणून ती बाहेर सांडते. आणि दात येताना अंग जरा कोमट लागलं तर लागतं, पण १०२-१०३ ताप दातांमुळे येत नाही. 'दाढा येतायत' या एका वाक्यावर दोन दिवस घालवलेली कितीतरी पोरं मी पाहिली आहेत.

तिसरी खूण फसवी आहे : मूल कान ओढतं. घशाच्या मागच्या भागाची आणि कानाच्या आतली संवेदना नेणारी एक नस सामाईक आहे, त्यामुळे घशातली कळ कानात जाणवते. मोठ्या माणसांनाही टॉन्सिल सुजल्यावर गिळताना कानात चमक येते ती यामुळेच. तेव्हा कान ओढला म्हणून कानात तेल सोडू नका. कान खरंच आतून सुजला आहे की नाही हे डॉक्टर कानात बघूनच सांगू शकतात.

बाकीच्या खुणा हळूहळू दिसतात. रडण्याचा आवाज घोगरा किंवा दबका होतो. तोंडाला नेहमीपेक्षा वेगळा वास येतो. जबड्याच्या कोपऱ्याखाली हात लावला तर गाठी लागतात. रात्री दोन-अडीचला मूल रडत उठतं, कारण तोंड उघडं ठेवून झोपल्याने घसा कोरडा पडतो आणि पहिला घोट सगळ्यात जास्त झोंबतो.

दवाखान्यात आम्ही न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं पाच गोष्टींवरून मोजतो : चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत पटते का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. चेहरा सैल, पाय सैल, कुशीत घेतल्यावर शांत, असं असेल तर शून्य-एक. सतत कपाळाला आठ्या, पाय पोटाशी ओढलेले, उचलूनही थांबत नाही, तर सात-आठ. घरी आकडा अगदी बरोबर यायची गरज नाही. औषधाआधी एकदा आणि नंतर पाऊण तासाने एकदा मोजा, म्हणजे फरक पडला की नाही हे अंदाजाने बोलायची वेळ येत नाही.

दुसरी पायरी : आधी धोका नाही ना, ते

तोंडात बघण्याआधी हे तपासायचं, कारण यातलं काही असेल तर तोंडात चमचा घालणंच धोक्याचं आहे.

श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, लाळ गळतेय आणि मूल हनुवटी पुढे काढून बसून राहतंय, आडवं व्हायला तयार नाही : हा घशाच्या आत श्वासाची वाट सुजल्याचा प्रकार असू शकतो. त्याला आहे त्या स्थितीत मांडीवर बसवून न्यायचं, झोपवायचं नाही, रडवायचं नाही, घशात बघायचं नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८ ला फोन करा. मान एका बाजूला वळवत नाही, किंवा तोंड पूर्ण उघडता येत नाही, तर घशाच्या मागे पू साठलेला असू शकतो. हेही तातडीचंच.

काही धडधाकट मुलं खेळता खेळता अचानक लाळ गाळू लागतात, ताप नसतो, सर्दी नसते. तेव्हा घरात रिमोटची किंवा खेळण्यातली चपटी गोल बटणासारखी बॅटरी कमी नाही ना, ते बघा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. मासे खाणाऱ्या घरांत काट्याचाही विचार करावा.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा : लसी पूर्ण आहेत का? दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलेंट, मग सोळा ते चोवीस महिन्यांमधला बूस्टर. घटसर्प आपल्याकडून गेलेला नाही. लस चुकलेल्या मुलाच्या घशात राखाडी-पांढरा पापुद्रा दिसला आणि मान फुगलेली असली, तर पापुद्रा खरवडू नका, मोठ्या रुग्णालयात न्या.

बाबूला यातलं काही नव्हतं. ताप १०१.४, श्वास मोकळा, मान सगळीकडे वळत होती.

तिसरी पायरी : तोंडात बघणं

चमचा लागत नाही. मूल रडतं तेव्हा ते स्वतःच घसा पूर्ण उघडून दाखवतं. दोन मोठी माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसा. मूल आईकडे तोंड करून, पाय तिच्या कमरेभोवती. मग त्याला मागे झुकवून डोकं समोरच्याच्या मांडीवर. आई हात धरते, दुसरा माणूस मोबाइलचा टॉर्च लावून बघतो. पाच सेकंद पुरतात. बघून झालं की लगेच उचलून कुशीत. हे दिवसातून एकदाच करायचं. दर तासाला बघून फोड कमी होत नाहीत, आणि मूल टॉर्च दिसला की घाबरायला लागतं.

भाचीने फोन स्पीकरवर ठेवून बघितलं. पडजिभेच्या आजूबाजूला, टाळूच्या मागच्या मऊ भागावर चार-पाच पांढुरके ठिपके, भोवती लाल कडं. जिभेच्या कडेला एक. मी म्हटलं, पायमोजे काढ. तळपायावर तीन लालसर पुळ्या होत्या, ढुंगणावर पाच-सहा. पाळणाघरात आणखी दोन मुलं तापाने घरी होती, हे तिला तेव्हा आठवलं.

हा हात-पाय-तोंडाचा आजार, आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याच्या पुढे-मागे पाळणाघरांतून फिरतो. विषाणूमुळे होतो. तळहात-तळपायावर काहीच न येता फक्त टाळूच्या मागे फोड येणं हे त्याच कुळातलं दुसरं रूप. हिरड्याच सुजल्या आहेत, त्यातून रक्त येतंय, ओठांवरही फोड आहेत, असं असेल तर तो वेगळा विषाणू असतो आणि त्यावर लवकर दिलं तर उपयोगी पडणारं औषध आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा. नुसता लाल घसा आणि नाक गळतंय, तर बहुधा साधी सर्दी.

अँटिबायोटिकने बरा होणारा घसा, म्हणजे स्ट्रेप नावाच्या जिवाणूचा, तीन वर्षांच्या आत क्वचितच होतो. तो साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आजार. म्हणून या वयात डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही तर त्यांनी काही कमी केलं असं समजू नका. मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रीजमधून काढून तर मुळीच देऊ नका.

चौथी पायरी : दुखणं उतरवणं, तेही वजन करून

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

घशात दुखत असताना भरवायचा प्रयत्न केला की मूल शिकतं : चमचा आला म्हणजे दुखणार. दोन-तीनदा असं झालं की दुखणं गेल्यावरही ते चमचा झिडकारतं. म्हणून आधी वेदना उतरवायची आणि मग भरवायचं. पॅरासिटामॉल द्यायचं ते तापाचा आकडा बघून द्यायचं असं नाही, ताप नसला तरी गिळताना दुखत असेल तर देता येतं.

मात्रा वयावरून नाही, वजनावरून ठरते. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. अकरा किलोच्या बाबूला म्हणजे ११० ते १६५. आता हा आकडा मिलीत कसा आणायचा, तर बाटलीवर बघून. आपल्याकडे एकाच नावाचं औषध दोन-तीन ताकदींत मिळतं. कुठल्या बाटलीत ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, कुठल्या बाटलीत ५ मिलीत २५०, आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. बाबूसाठी १२० वाल्या बाटलीतलं ६ मिली झालं (१४४ मिलिग्रॅम), २५० वाल्यातलं ३ मिली (१५० मिलिग्रॅम), ड्रॉप्सचं दीड मिली. भाचीच्या घरी २५० वाली बाटली होती आणि तिला मात्र "मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं" एवढंच आठवत होतं. तेवढं दिलं असतं तर ३०० मिलिग्रॅम गेलं असतं, म्हणजे दुप्पट.

दोन मात्रांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसात चारपेक्षा जास्त नको. स्वयंपाकघरातला चमचा मापाला वापरू नका, कोणताही चमचा दुसऱ्यासारखा नसतो. केमिस्टकडे सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज मिळते, ती घ्या. सर्दीच्या औषधात पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असू शकतं, लेबल वाचा. वजन माहीत नसेल तर काट्यावर आधी तुम्ही उभे राहा, मग मुलाला घेऊन, आणि वजाबाकी करा.

द्यायची पद्धत : मूल बसतं किंवा उभ्याने कुशीत, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, एका वेळी एक मिली. जिभेच्या मधोमध सोडलं तर ठसका लागतो. नाक दाबून औषध पाजायची जुनी पद्धत सोडाच, त्यात औषध श्वासनलिकेत जातं. अजिबात गिळत नसेल तर गुदद्वारातून द्यायची पॅरासिटामॉलची सपोझिटरी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्या.

इबुप्रोफेन घशाला चांगलं लागू पडतं, पण पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेपर्यंत आणि लघवी कमी होत असताना ते स्वतःच्या मनाने देऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. खोकला-सर्दीची सिरपं घशाच्या दुखण्यावर काहीच करत नाहीत. केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ती देऊच नयेत असं कळवलं आहे, पाच वर्षांपर्यंतही सहसा नकोत. दात-तोंड बधिर करायची जेलं या वयात नकोत, कारण ती गिळली जातात आणि त्यांचा परिणाम रक्तावर किंवा हृदयावर होऊ शकतो. चघळायच्या गोळ्या घशात अडकतात. गुळण्या या वयात जमत नाहीत.

आता घरच्या उपायांबद्दल, कारण भाचीच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. "टाकणखाराची लाही मधातून लावते, आमच्या वेळी सगळ्यांना लावायचो." मी म्हटलं, ताई, मध वर्षाच्या पुढच्या मुलाला अर्धा चमचा चालेल, टाकणखार नको. तो पोटात गेला की लहान मुलांना विषारी ठरतो. बोरोग्लिसरिनचंही तेच. बोटाने 'पडजीभ उचलणं' तर फोडांवर सरळ जखम करणं आहे. गुटीत जायफळ जास्त उगाळलं की मूल गुंगतं, आणि मग सुस्ती आजाराची की जायफळाची हे आम्हालाही कळत नाही. त्यांनी ऐकलं. तुळशीचं पान टाकून कोमट केलेलं पाणी चालेल का, असं विचारलं. म्हटलं, चालेल, प्यायला तर उत्तम.

पाचवी पायरी : अर्ध्या तासाने भरवणं

औषध दिल्यावर तीस ते चाळीस मिनिटं थांबा. मग साधारण दोन-तीन तासांची बरी खिडकी मिळते, सगळं भरवणं त्यात बसवायचं.

आधी पातळ. अन्न दोन-तीन दिवस नीट गेलं नाही तरी पोटभर दूध-पाणी जाणारं मूल तग धरतं, आणि वजन नंतर भरून येतं. पाणी मात्र थांबून चालत नाही. बाबूच्या वजनाच्या मुलाला एरवी चोवीस तासांत, दूध-वरण-पेज सगळं धरून, साधारण एक लिटर पातळ लागतं. आजारात तेवढं जाणार नाही, निम्म्याच्या पुढे गेलं तर बरं म्हणायचं. ताप चढला तर गरज वाढते, हेही लक्षात असू द्या.

ते जातं कसं, तर वाटीने नाही, घड्याळाने. पाच मिली, म्हणजे एक छोटा चमचा किंवा सिरिंज, दर तीन मिनिटांनी. तासात वीस वेळा झालं की शंभर मिली पोटात गेलं. मूल वाटी ढकलेल, पण गाणं म्हणता म्हणता गालात सोडलेला एक चमचा बहुतेक वेळा गिळतं. भाचीने सातला औषध दिलं, साडेसातला गार दुधाने सुरुवात केली आणि कागदावर चमच्यागणिक रेघ मारत गेली. नऊपर्यंत सव्वीस रेघा, १३० मिली. सव्वानऊला डायपर ओला झाला. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मलाच हायसं वाटलं.

बाटलीने ओढताना टाळूवर ताण येतो आणि फोड नेमके तिथेच असतात. म्हणून बाटलीला रडणारं मूल कपाने किंवा चमच्याने पिऊ शकतं. स्ट्रॉचंही तेच. अंगावर पिणाऱ्या मुलाला थोडं थोडं, वारंवार, अर्धवट झोपेत असताना घ्या, तेव्हा ते कमी विरोध करतं. पिणं फारच कमी झालं तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा, म्हणजे बाळाच्या पोटात जाईल आणि आईची छातीही ठणकणार नाही.

गार की कोमट, यावर प्रत्येक घरात भांडण होतं. गार खाल्ल्याने घसा 'धरतो' हे आपल्याकडे पक्कं बसलंय. पण इथे घसा विषाणूने आधीच सुजलाय, आणि गारवा थोडा वेळ तिथली जागा बधिर करतो. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवलेलं दूध, दही किंवा घरी गोठवलेली दुधाची कुल्फी बहुतेक मुलं आनंदाने घेतात. काहींना कोमटच आवडतं, तर कोमट द्या, मूल ठरवेल. गरम मात्र नको. बर्फाचा खडा हातात देऊ नका, अडकतो. कुल्फी काडीला धरून तुम्ही चाटवा.

झोंबणाऱ्या गोष्टी ओळखायला तुमच्या तोंडातला जुना छाला आठवा. लिंबू, संत्रं, टोमॅटोचं सार, कोकम, आंबट ताक, फोडणीचं वरण : सगळं बाजूला. मीठही झोंबतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. एरवी आवडणारा वरणभात मूल थुंकतं ते मिठामुळे. खारी, टोस्ट, बिस्किट यांच्या कडा टोचतात.

मग द्यायचं काय? तांदळाची पेज गाळून, गार करून, त्यात साजूक तुपाचा अर्धा चमचा. दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, चमच्यावरून सहज ओघळेल इतकं पातळ. साईचं गोड दही. शिकरण, केळं पूर्ण कुस्करून. चिक्कूचा गर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आसट भात तूप घालून, मीठ जवळजवळ नाहीच. तुपाने घास घसरतो आणि थोडक्यात ऊर्जाही जास्त जाते. वाटी छोटी भरा. चार चमचे खाल्ले आणि तोंड फिरवलं, तर थांबा, वीस मिनिटांनी पुन्हा विचारा.

ओआरएसबद्दल. नुसता घसा दुखतोय, जुलाब-उलटी नाही, तर ते सक्तीचं नाही, आणि खारट असल्याने फोडांना थोडं झोंबतंही. पण दूध अजिबात जात नसेल, लघवी कमी असेल, तर द्यायलाच हवं. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं टाकायचं. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, आधी वाचा. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात, असा अंदाज करायचा नाही. गार केलं की झोंबणं कमी होतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली, पण घरात जुना स्टॉक असू शकतो.

सहावी पायरी : कागदावर तीन रकाने

वेळ आणि औषध, किती पातळ गेलं, डायपर कधी ओला झाला. एवढंच. आजी, आई, बाबा आळीपाळीने सांभाळतात तेव्हा औषध दोनदा जाण्याचा धोका याच कागदाने टळतो. आणि डॉक्टरांना "काहीच खात नाही" यापेक्षा "सकाळपासून ३०० मिली, लघवी दोनदा" हे फार उपयोगी पडतं.

आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू येत नाहीत, जीभ कोरडी, डोळे खोल, हातपाय गार किंवा मूल उठवूनही पेंगतंय : यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी न्यायचं. बाबूचे आठ तास झालेच होते. पण त्याला अश्रू येत होते, जीभ ओली होती आणि तो चिडून भांडत होता, म्हणून मी दोन तासांची मुदत दिली. सव्वानऊला लघवी झाली नसती तर मी तिला थेट सलाइनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवणार होते. औषध देऊनही चार-पाच तास एक थेंब आत जात नसेल तरी तेच करायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला किंवा एकदा उतरून परत चढला, तर पुन्हा दाखवा. हात-पाय-तोंडाच्या आजारात मूल झोपेत सारखं दचकत असेल, चालताना झोकांड्या जात असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर मेंदूपर्यंत त्रास गेल्याची ती खूण असू शकते. तेव्हा थांबायचं नाही.

भाचीने अकरा वाजता डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा, कान, छाती तपासून तोच आजार सांगितला, पॅरासिटामॉल सोडून काही लिहून दिलं नाही. सासूबाई जरा नाराज झाल्या.

पुढचे दिवस

ताप बहुधा दोन-तीन दिवसांत जातो. फोड पहिल्या दोन दिवसांत वाढतात, म्हणून दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट गेला तर घाबरू नका, औषध-भरवणं त्याच क्रमाने चालू ठेवा. तोंड साफ व्हायला आठवडाभर लागतो. दात घासताना मऊ ओल्या कापडाने पुसा, ब्रश दोन दिवस राहू दे. पाळणाघरात पाठवायचं ते ताप जाऊन चोवीस तास झाल्यावर आणि लाळ थांबल्यावर. विषाणू शीतून बरेच आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून डायपर बदलल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवा. सॅनिटायझर या विषाणूंवर तितकंसं चालत नाही.

बाबूने तिसऱ्या दिवशी वाटीभर शिकरण संपवली. पाचव्या दिवशी स्वतःहून आजीच्या ताटातली पोळी ओढली, एक तुकडा गिळून बघितला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. साधारण महिन्याभराने भाचीचा पुन्हा घाबरलेला फोन : अंगठ्याचं नख मुळापासून सुटून वर येतंय. या आजारानंतर काही आठवड्यांनी एखाद-दोन नखं अशी गळतात, दुखत नाहीत. कापू नको, ओढू नको, लोकरीत अडकतंय तर चिकटपट्टी लाव, असं तिला सांगितलं. खालून नवं नख आलेलंच होतं.